लाल भिंत आणि तापलेली स्लॅब : कोल्हापुरातल्या एका घराचे थर्मल फोटो वाचताना

पार्श्वभूमी

घर कोल्हापुरात रंकाळ्याच्या पलीकडच्या बाजूला आहे. तळमजला आणि वर दोन खोल्या, बांधून झाली असतील अठरा-वीस वर्षं. ९ इंची विटांच्या भिंती, दोन्हीकडून गिलावा, वर ५ इंची आरसीसी स्लॅब आणि त्यावर वॉटरप्रूफिंगचा जुना करडा कोबा. मालक निवृत्त शिक्षक. त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात, म्हणून मीही इथे तेच म्हणतो. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत, आकडे मात्र माझ्या वहीतले आहेत.

तक्रार वरच्या पश्चिमेकडच्या बेडरूमची होती. खोली १२ बाय १४ फूट, उंची १० फूट, पश्चिमेला ५ बाय ४ची अॅल्युमिनियमची सरकती खिडकी. एक टनाचा साधा, इन्व्हर्टर नसलेला एसी. एप्रिल उजाडला की रात्री एकपर्यंत कॉम्प्रेसर कट होत नाही आणि एसीवर २४ दिसत असलं तरी अंगाला गारवा म्हणून लागत नाही. पुण्याहून मुलगा-सून आले की दुसऱ्या रात्रीपासून गाद्या खालच्या हॉलमध्ये.

माझं मूळ काम घरांचं नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमध्ये भट्ट्यांचं बाहेरचं कवच, लेडल, इलेक्ट्रिक पॅनेल यांचे थर्मल फोटो, म्हणजे तापमान रंगांत दाखवणारे फोटो, काढायचे, त्यावरून अस्तर कुठे पातळ झालंय, कुठला जोड सैल झालाय ते सांगायचं. तिथे चुकीची जागा शेजारच्या जागेपेक्षा चाळीस-पन्नास अंशांनी वेगळी दिसते, आंधळ्यालाही कळावी अशी. घरात सगळा खेळ दोन-चार अंशांचा. हा फरक माहीत असूनही मी या घरात एकदा घसरलो, ते पुढे येईलच.

आधीचा अहवाल आणि त्यातला लाल रंग

मी जाण्याआधी सरांनी इन्सुलेशनचं काम करणाऱ्या एकाला बोलावलं होतं. त्याने संध्याकाळी पाचला येऊन चार फोटो काढले आणि रंगीत अहवाल दिला. पश्चिमेची भिंत निखाऱ्यासारखी लाल. खिडकीची काच पिवळी-पांढरी, म्हणजे त्याहून तापलेली. भिंतीच्या खालच्या भागात एक निळा डाग, त्याला बाण काढून ‘ओल’ लिहिलेलं. खाली शिफारस : पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंतींना दोन्ही मजल्यांवर आतून थर्मोकोल आणि वर जिप्सम बोर्ड, खर्च ९६ हजार; खिडक्या बदलून यूपीव्हीसीच्या, ४८ हजार.

सरांनी फोटो माझ्यापुढे ठेवला. “बघा की, भिंत पेटल्यागत दिसतीया. आता पैसे घालायलाच पाहिजेत न्हवं?”

अशा फोटोत माझी नजर आधी रंगावर जात नाही, कडेच्या पट्टीवर जाते. त्या पट्टीच्या वर आणि खाली दोन आकडे असतात. या फोटोत वर ३४.२ होतं, खाली ३१.६. म्हणजे निखारा आणि बर्फ यांच्यात जेमतेम अडीच अंशांचं अंतर. कॅमेरा ऑटोवर असला की चौकटीत जे सर्वात गरम असेल त्याला तो लाल-पांढरा रंग देतो आणि जे सर्वात थंड असेल त्याला निळा-काळा, मग त्या दोहोंत अर्धा अंश असो की पन्नास. फ्रीजमधल्या दोन तांब्यांचा फोटो काढला तरी एक लाल दिसेल. रंग सांगतो ते चौकटीतल्या वस्तूंचं आपापसातलं नातं. कुठली वस्तू किती तापली आहे ते आकड्यांवरूनच कळतं.

दुसरी गोष्ट लगेच लक्षात आली. चारही फोटोंत छत कुठेच नव्हतं. जे चौकटीत घेतलंच नाही ते लाल कसं होणार?

खिडकीच्या फोटोची वेगळीच गंमत होती. काचेत एक धूसर, माणसाच्या खांद्यांएवढा आकार दिसत होता, आणि तो फोटो काढणाऱ्याचाच होता. आपल्या डोळ्याला काच पारदर्शक असली तरी या कॅमेऱ्याच्या अवरक्त किरणांना (साधारण ८ ते १४ मायक्रॉन) ती जवळपास भिंतच आहे. पलीकडचं काही दिसत नाही. दिसतं ते काचेचं स्वतःचं तापमान, आणि त्यात थोडं समोरच्या गोष्टींचं प्रतिबिंब मिसळलेलं. शिवाय पाच वाजता एप्रिलचं ऊन थेट त्या काचेवर होतं. उन्हातली काच तापलेली दिसणारच, त्यावरून खिडकीतून किती उष्णता ‘गळते’ ते कळत नाही.

आणखी एक घोटाळा त्या ‘गळते’ या शब्दातच होता. असे जे फोटो आपण सगळीकडे पाहतो ते बहुतेक थंड मुलखातले असतात. बाहेर बर्फ, आत हीटर, फोटो रस्त्यावरून काढलेला. तिथे भिंतीवरचा लाल पट्टा म्हणजे घरातली ऊब बाहेर जाते आहे. कोल्हापुरात उन्हाळ्यात वाट उलटी. उष्णता बाहेरून आत येते, म्हणून आपल्याकडे फोटो मुख्यतः आतून काढायचे आणि आतला लाल भाग म्हणजे उष्णतेची शिरायची जागा. बाहेरून दुपारी काढलेल्या फोटोत दिसतं ते फक्त ऊन कुठे पडलं होतं.

पहिली संध्याकाळ, आणि माझी चूक

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी सातला मी कॅमेरा घेऊन गेलो. कॅमेरा साधाच, १६० बाय १२० ठिपक्यांचा. त्याचं तापमान दोन अंशांनी इकडे-तिकडे असू शकतं, पण एकाच फोटोतल्या दोन जागांमधला फरक तो अंशाच्या दहाव्या भागाच्या आसपास पकडतो. घरात कामाला येतो तो हा फरकच.

सगळ्या फोटोंसाठी पट्टी एकच लावली, खाली २४ आणि वर ४०. असं केलं की लाल भिंत लगेच मवाळ नारिंगी होते आणि दोन खोल्यांचे फोटो शेजारी ठेवून बघता येतात. छत ३१.४, पश्चिमेची भिंत ३१.९. खिडकीवरची लिंटेल आणि कोपऱ्यातला कॉलम भिंतीपेक्षा अर्ध्या अंशाने गरम, पट्ट्यासारखे उठून दिसणारे. काँक्रीट विटेच्या जवळपास दुप्पट वेगाने उष्णता वाहून नेतं, तेव्हा विटांच्या भिंतीत काँक्रीटचा सांगाडा असा दिसायचाच. तो बांधकामातला दोष नाही.

छत भिंतीपेक्षा थंड! मी सरांना सांगितलं, स्लॅबची अडचण दिसत नाही, भिंतच किंचित जास्त आहे. काम करायचं तर भिंतीचं करायला हरकत नाही, पण भाव कमी करून घ्या.

चहा घेताना काकू म्हणाल्या, “भिंतीचं काय ते तुम्ही बघा. पण पंखा लावला की वरनं भट्टीचा वारा आल्यागत होतंय. काल तेवढं गार वाटलं, पाऊस झालता म्हणून.”

माझा कप हातातच राहिला. आदल्या रात्री वळवाने झोडपलं होतं, दिवसभर मळभ होतं, आणि मी गच्चीवर न जाताच छताचा निवाडा करून मोकळा झालो होतो. वर जाऊन पाहिलं तर कोपऱ्यात पाणी साचलेलं, कोबा काळपट ओला. पाणी उडून जाताना स्लॅबची उष्णता घेऊन जातं, त्यात ऊन नव्हतंच. त्या दिवशीचं छत म्हणजे नुकती आंघोळ केलेल्या माणसाचा ताप बघण्यासारखं. त्या एका वाक्याने काकूंनी सरांचे ९६ हजार वाचवले असं मी आजही मानतो.

निर्णयाची पहिली जागा ही. त्याच रात्री सरांनी ठेकेदाराला होकार कळवला असता तर दोन वेगवेगळ्या माणसांच्या फोटोंनी एकच चूक पक्की केली असती. मी माझं म्हणणं मागे घेतलं आणि तीन कोरडे, कडक उन्हाचे दिवस गेल्यावर पुन्हा मोजायचं ठरवलं.

दुसरी मोजणी : एकाच जागेचे चार वेळचे फोटो

या वेळी छतावर, पश्चिमेच्या भिंतीवर आणि आतल्या पार्टिशनच्या भिंतीवर मास्किंग टेपचे छोटे चौकोन चिकटवले. त्यामुळे प्रत्येक वेळी नेमकी तीच जागा मोजता आली. रात्री आठपर्यंत एसी बंद ठेवला, आठला चालू केला.

दुपारी साडेचारला छत ३६.८ होतं आणि भिंत ३१.९. संध्याकाळी सातला छत ३८.९, भिंत ३३.४. रात्री अकराला, एसी तीन तास चालल्यावर, छत ३५.६ आणि भिंत ३४.१. पहाटे साडेपाचला छत ३०.२ वर आलं होतं आणि भिंत ३१.६ वर.

या आठ आकड्यांत सगळं घर आहे. स्लॅब सकाळपासून ऊन खाते, पण ५ इंच काँक्रीटमधून ती उष्णता खाली पोचायला तीन-चार तास लागतात, म्हणून छत आतून सर्वात जास्त तापतं ते दिवेलागणीला. पश्चिमेच्या भिंतीवर ऊनच दुपारी दोननंतर येतं आणि गिलाव्यासकट ९ इंच वीट पार करायला तिला सहा-आठ तास लागतात. तिचा भर येतो रात्री उशिरा, आणि पहाटे ती छतापेक्षाही गरम असते. तेव्हा कुठल्या वेळी फोटो काढला यावर गुन्हेगार कोण ते ठरतं. पाच वाजता भिंतीचा फोटो काढणाऱ्याने तर ती तापायच्या आधीच तिला पकडलं होतं.

आता यातून किती उष्णता खोलीत येते याचा कच्चा हिशोब. रात्री नऊला छत ३७.२ होतं, भिंत ३३.२, खोलीतली हवा २८. पृष्ठभाग आणि हवा यांतला फरक गुणिले क्षेत्रफळ गुणिले एक गुणक. हा गुणक उभ्या भिंतीसाठी साधारण ८ धरतात आणि तापलेल्या छतासाठी ६, कारण छताखालची गरम हवा वरच चिकटून राहते, खाली उतरत नाही. छत १५.६ चौरस मीटर, म्हणून ९.२ × १५.६ × ६, साधारण ८६० वॅट. पश्चिमेची भिंत खिडकी वगळून ९.३ चौरस मीटर, म्हणून ५.२ × ९.३ × ८, साधारण ३९० वॅट. त्या वेळी बाहेरची हवाही २९-३०वर उतरलेली, त्यामुळे रात्री काचेतून पन्नास वॅटसुद्धा येत नव्हते. हे आकडे काट्यावर तोललेले नाहीत, वीस-पंचवीस टक्के इकडे-तिकडे होतील. पण कुठल्या कामाला आधी हात घालायचा एवढं ठरवायला पुरेसे आहेत.

काकूंच्या तक्रारीचंही उत्तर यातच होतं. एसीवर दिसणारं २४ म्हणजे हवेचं लावलेलं तापमान. अंगाला मात्र हवेइतकाच भोवतालच्या पृष्ठभागांचा ताप लागतो. डोक्यावर ३७-३८ अंशांचं १६८ चौरस फूट छत असेल तर खाली झोपलेला माणूस रात्रभर त्याचा शेक घेत असतो, आणि पंखा वरची चिकटलेली गरम हवा ढकलून खाली आणतो.

निळा डाग आणि खिडकीची फट

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपासून एसी लावून साडेतीनला पुन्हा गेलो. आत २७, बाहेर ३६. फटींतून येणारी हवा पकडायची तर आत-बाहेर असा आठ-दहा अंशांचा फरक लागतो. आपल्याकडे उन्हाळ्यात तो एसी लावूनच मिळतो.

आधी निळा डाग पाहिला. भिंतीवर खाली, पसरट, कडा विरघळलेल्या. एसीच्या फटीपासून नजरेने तिरकी रेघ ओढली तर ती बरोबर त्या डागावर उतरत होती. ओलीचा मीटर डागावर टोचला, मग दोन फुटांवर कोरड्या जागी टोचला, आकडा सारखाच. एसी बंद केला. चाळीस मिनिटांत डाग पुसला गेला. खरी ओल असती तर पाणी उडत राहून ती जागा नंतरही गार दिसली असती. अहवालातली ‘ओल’ म्हणजे एसीचा झोत होता, दुसरं काही नाही.

मग फटींकडे. एसी पुन्हा चालू करून खोली गार होऊ दिली. दार-खिडक्या लावल्या आणि खोलीच्या बाथरूममधला एक्झॉस्ट चालू करून बाथरूमचं दार उघडं ठेवलं. एक्झॉस्ट खोलीतली हवा बाहेर ओढतो आणि तिची भरपाई म्हणून बाहेरची गरम हवा मिळेल त्या फटीतून आत घुसते. दहा मिनिटांत कॅमेऱ्यात ती दिसायला लागली. सरकत्या खिडकीची दोन तावदानं जिथे एकमेकांवर येतात तिथून खाली भिंतीवर पिसाऱ्यासारखे पिवळे फराटे. स्लॅबमधून येणारी उष्णता सपाट आणि एकसारखी दिसते, फटीतून येणारी हवा अशी पिसाऱ्यासारखी, एका टोकाला अणकुचीदार. दुसरा फराटा एसीचा पाईप भिंतीतून जातो त्या भोकापाशी. तिथे भरलेली पुट्टी वाळून गळून पडली होती. काकूंनी देवघरातली उदबत्ती आणली. ती फटीशी धरली तर धूर झटकन खोलीत आडवा झाला. कॅमेऱ्यात दिसलेली प्रत्येक फट उदबत्तीने तपासली. एक ‘फट’ अशी निघाली की धूर सरळ वर गेला. ती खिडकीच्या चकचकीत अॅल्युमिनियम पट्टीवरची चमक होती. उघडा धातू स्वतःची उष्णता फारच कमी दाखवतो आणि आरशासारखा दुसऱ्याचीच दाखवतो, या वेळी माझ्याच तोंडाची. त्यावर काळी इन्सुलेशन टेप लावून पाच मिनिटांनी टेपचं तापमान वाचलं तर ते शेजारच्या भिंतीएवढंच.

काचेबद्दल एक गोष्ट कॅमेरा दाखवत नाही, ती डोळ्यांनीच बघावी लागली. पश्चिमेचं ऊन काचेतून थेट आत येतं ते कॅमेरा पकडतो त्या किरणांतलं नसतं. मात्र ते गादीवर जिथे पडलं होतं तिथे ४४ दिसत होतं. एवढ्या काचेतून उतरत्या दुपारी साधारण एक किलोवॅटच्या आसपास ऊन आत येतं. म्हणजे खिडकी दोषी होती खरी, पण यूपीव्हीसीची चौकट बसवून त्यावर उपाय होत नाही. चौकट कसलीही लावा, काचेतून येणारं ऊन तेवढंच.

तोललेले पर्याय

भिंतींना आतून थर्मोकोल-जिप्सम हा मूळ प्रस्ताव. तो अगदी निरुपयोगी नव्हता, रात्रीचे तीन-चारशे वॅट निम्म्याहून कमी झाले असते. पण खर्च सर्वात जास्त, फायदा दुसऱ्या क्रमांकाच्या शत्रूवर, आणि माझी खरी भीती पावसाळ्याची होती. पश्चिमेची भिंत आपल्याकडे झोडपली जाते. आतून बोर्ड लावला की ओल येऊनही दिसत नाही, बुरशीचा वास आला की मगच कळतं.

स्लॅबसाठी दोन वाटा होत्या. एक म्हणजे गच्चीवर ५० मिलिमीटर एक्सपीएसच्या, म्हणजे थर्मोकोलच्याच जातीच्या पण घट्ट फोमच्या शीट, वर जाळी घालून काँक्रीटचा थर आणि टाइल. हा पक्का उपाय. अडचण दोन प्रकारची. सातशे चौरस फुटांना सव्वा लाखाच्या पुढे खर्च, आणि वेळ. मे लागलेला, वळीव केव्हाही येणार, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस. वॉटरप्रूफिंग, पाणी साठवून चाचणी, थर, क्युरिंग हे सगळं घाईत उरकलं आणि शीटखाली पाणी शिरलं तर स्लॅब गळायला लागेल आणि कारण शोधायला सगळं उखडावं लागेल.

दुसरी वाट पांढऱ्या परावर्तक रंगाची. सातशे चौरस फुटांना सोळा हजारांच्या आसपास, चार दिवसांचं काम. उष्णता अडवत नाही, पण ऊन परतवून लावतं, त्यामुळे स्लॅब मुळातच कमी तापते. धूळ बसली की गुण उतरतो, हे सरांना आधीच सांगितलं.

मुलगा फोनवर म्हणत होता, “बाबा, एकदाच काय ते पक्कं करून टाका.” सर थांबले. म्हणाले, “एवढा महाग थर घालायचा तर आधी स्वस्तात बघूया, स्लॅबच आहे का ते.” माझ्या मते या प्रकरणातला सर्वात शहाणा निर्णय हाच, आणि तो माझा नव्हता.

काय केलं

रंग आधी फक्त बेडरूमच्या वरच्या भागावर मारला. शेजारच्या अभ्यासिकेवरचा कोबा तसाच ठेवला. स्लॅब एकच, ऊन एकच, फरक फक्त रंगाचा. रंगाआधी कोबा तारेच्या ब्रशने घासून धुतला, भेगा भरल्या, दोन कोट दिले.

चार कोरड्या दिवसांनंतर दुपारी अडीचला गच्चीवर गेलो. करडा कोबा ५६, पांढरा ४२. हे मोजमाप कॅमेरा सरळ खाली धरून घ्यावं लागतं, तिरका धरला तर आकाशाचं प्रतिबिंब मिसळतं आणि निरभ्र आकाश कॅमेऱ्याला फार थंड दिसतं. काहींना वाटतं पांढरा रंग कॅमेऱ्यालाही ‘पांढरा’, म्हणजे चुकीचा थंड दिसत असेल. तसं नाही. अवरक्तात पांढरा रंग आणि करडा कोबा दोघेही जवळपास सारखेच, आपली नव्वद टक्क्यांच्या आसपास उष्णता दाखवणारे. हात ठेवून पाहिला तरी कळत होतं. कोब्यावर हात टेकवत नव्हता.

संध्याकाळी सातला खालून : अभ्यासिकेचं छत ३८.६, बेडरूमचं ३४.५. एकाच फोटोत दोन्ही छतं यावीत म्हणून मधलं दार उघडून उभा राहिलो. चौकटीच्या अलीकडे नारिंगी, पलीकडे हिरवट, मध्ये भिंतीची रेघ. सरांनी तो फोटो मागून घेतला.

मग उरलेल्या गच्चीलाही रंग दिला. खिडकीच्या बाहेरून बांबूचा चिक टांगला. आतला पडदा ऊन आत आल्यावर ते अडवतो, त्याचा फारसा उपयोग नाही. सरकत्या तावदानांचे झिजलेले ब्रश बदलले, पाईपचं भोक फोमने भरून वर पुट्टी लावली. हे सगळं मिळून चार हजार. भिंतीला हात लावला नाही.

निकाल

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, तशाच कोरड्या दिवशी, आठला लावलेला एसी साडेदहाच्या सुमारास पहिल्यांदा कट झाला. गादीवरचं ऊन गेलं. पाहुणे वरच झोपले. भिंत रात्री अकराला अजूनही ३४च्या घरातच होती आणि सरांनी ते बरोबर हेरलं : “भिंत गरमच आहे की ओ.” आहेच. फक्त आता तीच एकटी उरली आणि एसीला ती झेपते.

पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा गेलो. गच्ची पांढरी कुठली, राखाडी झाली होती. पावसानंतर शेवाळ आणि उन्हाळ्याची धूळ. सातचं छत ३६.३. साध्या पाण्याने ब्रश मारून धुतल्यावर दोन दिवसांनी ३५.१. पहिल्या वर्षीचे ३४.५ परत आले नाहीत.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्याच फेरीत गच्चीवर न जाणं ही माझी सरळ चूक, त्याला सबब नाही. त्याशिवाय दोन गोष्टी वेगळ्या केल्या असत्या. फटी आणि रंग ही कामं एका आठवड्यात झाली, त्यामुळे कॉम्प्रेसर लवकर कट होण्यात कुणाचा वाटा किती ते मला सांगता येत नाही. छताचा फरक मोजला आहे, फटींचा नाही. आधी फटी बुजवून चार रात्री कट होण्याची वेळ टिपली असती तर कळलं असतं. दुसरं, रंगावर धुण्याचा खर्च आणि दर तीन-चार वर्षांनी नवा कोट धरला तर एक्सपीएस फार महाग ठरत नाही. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये तो विषय पुन्हा काढायला हवा होता. मी काढला नाही, कारण सर समाधानी होते. आता येत्या दिवाळीनंतर त्यांच्या मुलाला दोन्हीचा हिशोब करून द्यायचा आहे.

ठेकेदाराच्या त्या अहवालातला लाल भिंतीचा फोटो सरांनी फेकला नाही. त्याच्या शेजारी माझा दोन छतांचा फोटो चिकटवून दोन्हींच्या कडेच्या पट्टीवरचे आकडे पेनाने गोल केले आहेत. माझ्या वहीत मात्र घराच्या कामासाठी पहिला रकाना आता तापमानाचा नाही. तिथे लिहिलेलं असतं : शेवटचा पाऊस कधी, गच्ची कोरडी आहे का, वर जाऊन पाहिलं का.